डब्यावर न छापलेला आकडा

प्रश्न : माझे वय २९, वजन ५८ किलो, राहायला ठाण्यात. मी शाकाहारी आहे. दूध प्यायले की पोट बिघडते म्हणून वर्षभर मटार आणि तांदळाची, चॉकलेट चवीची प्रोटीन पावडर घेते. आठवड्यातून चार दिवस जिमला जाते, ट्रेनर रोज दोन स्कूप घ्यायला सांगतो. डब्यावर ‘ऑरगॅनिक’ आणि ‘शून्य साखर’ असे लिहिले आहे, तरी पावडर चांगलीच गोड लागते आणि घेतल्यावर पोट फुगते. वनस्पती प्रोटीनमध्ये शिसे सापडते असे वाचले आणि घाबरून कंपनीला मेल केला. त्यांनी लॅबचा रिपोर्ट पाठवला. त्यात शिशापुढे ‘बीएलक्यू’ लिहिले आहे. नवरा म्हणतो, “झाले, काही निघाले नाही.” माझे हिमोग्लोबिन १०.४ आहे आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. डबा फेकून देऊ का? कोणत्या कंपनीची पावडर घेऊ? लेबलचा फोटो आणि रिपोर्ट सोबत जोडला आहे.

उत्तर :

रिपोर्ट जोडलात हे फार बरे केलेत, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर त्यातच आहे. ते उत्तर तुमच्या यजमानांना वाटते तसे मात्र नाही.

‘बीएलक्यू’ म्हणजे मोजता येण्याच्या किमान मर्यादेपेक्षा कमी. ही मर्यादा प्रत्येक लॅबची, प्रत्येक पद्धतीची वेगळी असते आणि रिपोर्टमध्ये ती शेजारच्याच रकान्यात ‘एलओक्यू’ या नावाने छापलेली असते. तुमच्या रिपोर्टमध्ये शिशासाठी ती ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. एका किलोत ०.५ मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.५ मायक्रोग्रॅम. तुमचा स्कूप ३५ ग्रॅमचा आहे, म्हणजे एका स्कूपमध्ये १७.५ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असले तरी ही लॅब ‘बीएलक्यू’च लिहिणार. दोन स्कूपचे ३५ मायक्रोग्रॅम. तुमच्या पावडरीत एवढे शिसे आहे असे मी म्हणत नाही, बहुधा ते याहून बरेच कमी असेल. पण ते कमी आहे की नाही, हे या कागदावरून कळतच नाही.

हा आकडा मोठा की छोटा हे कशाशी ताडून पाहायचे? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून ८.८ मायक्रोग्रॅम शिसे ही संदर्भपातळी धरली आहे. लहान मुलांसाठी ती २.२ आहे. कॅलिफोर्निया राज्याचा नियम फारच कडक आहे. एखाद्या वस्तूतून दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे मिळत असेल तर तिच्यावर इशारा छापावा लागतो. हा आकडा ठरवताना, ज्या पातळीला परिणाम दिसला नाही तिला हजाराने भागलेले आहे. म्हणून ०.५ ओलांडले की विषबाधा झाली, असा त्याचा अर्थ नाही. मात्र शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक, असेही आजवर कुणाला सांगता आलेले नाही. त्यामुळे व्यवहारात मी ०.५ ला ‘उत्तम’ आणि ८.८ ला ‘याच्या जवळपासही नको’ असे धरते. पावडर हा दिवसभराच्या खाण्याचा एक छोटा भाग आहे, सगळा वाटा तिनेच खायचा नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा ऑक्टोबर २०२५ मधल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहकसंस्थेच्या तपासणीची असावी. त्यांनी अमेरिकेत विकली जाणारी २३ उत्पादने तपासली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त उत्पादनांच्या एकाच सर्व्हिंगमध्ये ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे निघाले. वनस्पतिजन्य पावडरींची सरासरी दुधाच्या पावडरींच्या सुमारे नऊपट होती. त्या यादीतल्या सगळ्यात वाईट उत्पादनात एका सर्व्हिंगला ७.७ मायक्रोग्रॅम शिसे होते. आता गंमत पाहा. तेच उत्पादन तुमच्या कंपनीच्या लॅबकडे पाठवले असते तर त्याच्याही पुढे ‘बीएलक्यू’च छापून आले असते.

हे शिसे कुणी आणून मिसळत नाही. मटार असो, सोयाबीन असो की भात, मुळे जमिनीतून पाणी ओढतात तेव्हा जमिनीत असलेले शिसे आणि कॅडमियमही थोडेथोडे वर येते. दाण्यात ते अगदी कमी असते. पण पावडर करताना आपण दाण्यातला पिष्टमय भाग काढून टाकतो आणि प्रथिने गोळा करतो. वाळलेल्या मटारात शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनांच्या स्कूपसाठी शंभराहून जास्त ग्रॅम मटार लागतात. तांदळात प्रथिने जेमतेम सात टक्के असतात, म्हणून तेवढ्याच प्रथिनांसाठी सुमारे साडेतीनशे ग्रॅम तांदूळ लागेल. त्यातले सगळेच धातू पावडरीत उतरत नाहीत, पण प्रथिनांना चिकटलेले उतरतात. भाताची आणखी एक अडचण आहे. तुंबलेल्या पाण्याच्या खाचरात जमिनीतले आर्सेनिक मोकळे होते आणि भाताची मुळे ज्या वाटेने सिलिकॉन आत घेतात त्याच वाटेने तेही आत जाते. त्यामुळे तांदळाच्या प्रथिनाच्या बाबतीत शिशाबरोबर आर्सेनिकचा आकडाही मागायला हवा.

तुमच्या डब्यात मटार आणि तांदूळ आहेतच, शिवाय कोको आहे. कोकोच्या झाडाला जमिनीतले कॅडमियम ओढून घ्यायची खोड असते आणि बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून त्यांवर शिसे बसते. अमेरिकेतल्या ‘क्लीन लेबल प्रोजेक्ट’ने जानेवारी २०२५ मध्ये १६० पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात चॉकलेट चवीच्या पावडरींमध्ये व्हॅनिलाच्या सुमारे चौपट शिसे होते. आणि ‘ऑरगॅनिक’ शिक्क्याच्या पावडरींमध्ये बिगर-ऑरगॅनिकच्या तिप्पट.

हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण ‘ऑरगॅनिक’ म्हणजे स्वच्छ असे आपण सगळेच धरून चालतो. पण तो शिक्का कृत्रिम खते आणि कीटकनाशके वापरली नाहीत, एवढेच सांगतो. जमिनीत आधीपासून असलेल्या शिशाबद्दल तो काही बोलत नाही. तेव्हा तुमच्या डब्याची निवड चुकीच्या निकषावर झाली होती, निष्काळजीपणाने नव्हे.

आता तुमच्या बाबतीत मी जरा जास्त सावध का आहे ते सांगते. पत्रात शेवटी ओझरत्या आलेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. पहिली म्हणजे हिमोग्लोबिन १०.४. शरीरात लोह कमी असले की आतडे लोहासाठी आपली दारे जास्त उघडते, आणि त्याच दारांनी शिसे आणि कॅडमियमही जास्त शोषले जाते. म्हणजे एकच स्कूप तुमच्या यजमानांनी घेतला आणि तुम्ही घेतला तर तुमच्या रक्तात जास्त शिसे पोचण्याची शक्यता आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या होत्या. जिमला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना म्हणूनच हा मुद्दा परदेशी तपासणीच्या बातमीपेक्षा जास्त लागू आहे. दुसरी गोष्ट बाळाची. रक्तातले शिसे महिन्याभरात बरेच कमी होते, पण त्यातला काही भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षे राहतो. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघते, त्याच्याबरोबर तेही निघते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. म्हणून काळजी गरोदर राहिल्यावर नाही, आतापासून घ्यायची.

तेव्हा पहिला सल्ला असा, की नीट आकड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत हा डबा बाजूला ठेवा. फेकू नका, पैसे दिलेले आहेत. दोन आठवडे पावडर घेतली नाही म्हणून स्नायू वितळून जाणार नाहीत.

ट्रेनरच्या दोन स्कूपांचा हिशोब मी मांडून पाहिला. नियमित वजन उचलणाऱ्याला किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. २०१८ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात १.६ च्या पुढे स्नायूंना सरासरी जास्तीचा फायदा दिसला नव्हता. तुमच्या वजनाला म्हणजे ७० ते ९३ ग्रॅम. तुमच्या जेवणाचा तपशील पत्रात नाही, म्हणून एका साध्या शाकाहारी दिवसाचे धरते. चार पोळ्यांचे १२, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळीचे १४, भाताचे ३, सकाळच्या पोह्यांचे ५, आणि मूठभर शेंगदाण्यांचे ८. झाले ४२. यात ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून भाजीत घातले तर १५ वाढतात, ४० ग्रॅम फुटाण्यांचे ९, आणि एका मोठ्या वाटीभर दह्याचे ५. बेरीज ७१. म्हणजे डबा न उघडताच तुम्ही खालच्या आकड्याला पोचलात. एक स्कूप घेतलात तर ९५ होऊन वरचा आकडाही ओलांडला. दुसऱ्या स्कूपला करण्यासारखे कामच उरत नाही, तो फक्त तुमचा खर्च आणि धातूंची मात्रा दुप्पट करतो.

(दूध पचत नाही त्यांनाही दही बहुधा पचते, कारण विरजणातले जिवाणू बरेचसे लॅक्टोज आधीच संपवतात. तुम्ही घेऊन पाहिले असेलच.)

यावरून एक प्रश्न विचारते. वनस्पतिजन्य पावडरच हवी, हे कधी ठरले? दूध सोसत नाही एवढेच कारण असेल तर दुधापासूनच काढलेल्या व्हे प्रथिनाचे आयसोलेट हा पर्याय तुमच्यासाठी अजून खुला आहे, कारण त्यातले बहुतेक लॅक्टोज गाळून काढलेले असते आणि स्कूपमध्ये सहसा ग्रॅमभरही उरत नाही. स्वस्त व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये ते जास्त असते, म्हणून लेबलवर पहिला शब्द ‘आयसोलेट’ आहे का ते पाहायचे. धातूंच्या तपासण्यांत दुधाच्या पावडरी सातत्याने बऱ्या निघाल्या आहेत. मात्र तुम्हाला दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी असेल, किंवा प्राण्यांपासून आलेले काही नको असा तुमचा विचार असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या. तो निर्णय तुमचा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. २०१५ च्या एका फ्रेंच प्रयोगात १६१ तरुणांनी बारा आठवडे व्यायाम केला. मटार प्रोटीन घेणाऱ्यांच्या आणि व्हे घेणाऱ्यांच्या दंडाच्या स्नायूंच्या वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही.

वनस्पतिजन्यच घ्यायची असेल तर तांदूळ का मिसळतात ते समजून घ्या. मटारात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि तांदळात लायसिन. दोन्ही एकत्र केली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. पण ही जोडी एकाच ग्लासात जमायला हवी असे नाही, दिवसभरात जमली तरी चालते. तुम्ही रोज पोळी आणि भात खातच असाल. तेव्हा तुमच्यासाठी नुसत्या मटारची, विनाचवीची पावडर पुरेशी आहे. तांदूळ गेला, कोको गेला, म्हणजे धातूंच्या तीन वाटांपैकी दोन बंद झाल्या. सोया आयसोलेट घेतले तर मिश्रणाचा प्रश्नच येत नाही, कारण त्यातली अमिनो आम्ले एकट्यानेच पुरेशी असतात. सोयाने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन उतरते असे जिममध्ये हमखास ऐकू येते. प्रयोगांची एकत्रित विश्लेषणे दोनदा झाली, २०१० मध्ये आणि २०२१ मध्ये, आणि तसे काही आढळले नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत चारेक तासांचे अंतर ठेवावे, कारण सोया गोळीचे शोषण कमी करते. तुमच्यासारख्या लोहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी किंवा होणाऱ्यांनी मटार किंवा सोयाचा शेक त्या गोळीबरोबर घेऊ नये, त्याने लोह कमी शोषले जाते.

आता गोडीकडे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत घटकांची यादी अशी आहे : मटार प्रोटीन आयसोलेट, तांदूळ प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, कोको पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन, नैसर्गिक चव, घट्ट करणारा पदार्थ (४१५), मीठ, स्वीटनर (९५५). आपल्याकडच्या नियमानुसार यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. त्यामुळे शेवटी बसलेला पदार्थ वजनाने सगळ्यात कमी असतो, पण गोडीने नव्हे. ९५५ म्हणजे सुक्रालोज. ते साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असते, म्हणून १५ ग्रॅम साखरेची गोडी आणायला २५ मिलिग्रॅम पुरते. ‘शून्य साखर’ हे वाक्य खोटे नाही. गोडी आहे, साखर नाही. सुक्रालोजची दैनंदिन मर्यादा किलोमागे १५ मिलिग्रॅम मानली जाते, तुमच्या वजनाला ८७० मिलिग्रॅम. एका स्कूपमध्ये त्याच्या जवळपासही जाईल इतके नसते, तेव्हा याची धास्ती घेऊ नका. माझी हरकत वेगळी आहे. रोज दोनदा चॉकलेट मिल्कशेकइतके गोड प्यायची जिभेला सवय लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच सांगितले आहे की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असल्या गोडकांवर भिस्त ठेवू नये.

मला ९५५ पेक्षा चौथ्या क्रमांकावरचे माल्टोडेक्स्ट्रिन जास्त खटकते. हे पिष्टापासून केलेले पांढरे चूर्ण असते. नियमाच्या भाषेत ती ‘साखर’ नाही, म्हणून पोषणतक्त्यात ‘एकूण शर्करा’ आणि ‘वरून घातलेली साखर’ या दोन्ही ओळींत ते दिसत नाही. पण रक्तातली साखर ते ग्लुकोजइतक्याच वेगाने चढवते. ते शोधायचे तर ‘शर्करा’ नव्हे, ‘कर्बोदके’ ही ओळ पाहायची. तुमच्या तक्त्यात स्कूपला ४ ग्रॅम कर्बोदके आहेत आणि शर्करा ०.२. मधल्या फरकात माल्टोडेक्स्ट्रिन आणि कोको आहेत. चार ग्रॅम तुमच्यासाठी किरकोळ आहेत. पण मधुमेही माणसाने किंवा ‘मास गेनर’ घेणाऱ्या मुलाने हीच ओळ पाहिली तर तिथे पन्नास-साठ ग्रॅमही सापडतात.

गोडकांचे बाकीचे आकडे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवलेत तरी चालेल : ९५० ॲसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९६० स्टीव्हियाचे अर्क. स्टीव्हिया झाडापासून येतो म्हणून त्याच्या डब्यावर पानाचे चित्र असते, पण तोही त्याच गटातला. ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल आणि ९६७ झायलिटॉल हे साखरेचे अल्कोहोल, आणि पोट फुगण्याला बऱ्याचदा तेच कारण असतात. तुमच्या यादीत ते नाहीत. तुमच्या बाबतीत माझा संशय ४१५ वर, म्हणजे झँथन गमवर आहे, आणि थोडा मटारच्या प्रथिनावर. पावडर बंद ठेवायचीच आहे, तर त्या काळात फुगणे थांबते का पाहा. मग विनाचवीची, एकाच घटकाची पावडर अर्ध्या स्कूपने सुरू करा. तरी पोट फुगले तर दोष बहुधा मटारचा, नाही फुगले तर बहुधा झँथन गमचा. गोडी हवीच असेल तर त्यात एक पिकलेले केळे किंवा दोन खजूर घाला आणि वेलची. ती साखरच आहे, पण किती आहे ते तुम्हाला दिसते.

लेबलवरचा प्रथिनांचा आकडा खरा आहे का, हे घरी तपासायचा एक अर्धामुर्धा मार्ग आहे. २४ ग्रॅम प्रथिने गुणिले ४, अधिक ४ ग्रॅम कर्बोदके गुणिले ४, अधिक तुमच्या तक्त्यातली २ ग्रॅम चरबी गुणिले ९, म्हणजे १३०. तुमच्या डब्यावर १३० कॅलरीच लिहिल्या आहेत, तेव्हा हिशोब जुळतो. तो जुळत नसेल तर डबा दुकानातच ठेवून यावा. मात्र जुळला म्हणजे आकडे खरे, असे नाही. प्रथिने मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. ग्लायसीन, टॉरीन असली स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी दिसली तर सावध व्हा. केरळातल्या डॉक्टरांच्या एका गटाने २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के पावडरींवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा होता, काहींमध्ये तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने होती. १४ टक्क्यांमध्ये बुरशीचे अफ्लाटॉक्सिन निघाले.

यामुळेच कंपनीचे नाव मी सुचवत नाही. आज चांगली निघालेली कंपनी पुढच्या वेळी दुसऱ्या देशातून मटार आणते आणि आकडे बदलतात. त्यात शिक्क्यांचाही गोंधळ आहे. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून जरूर पाहा. पण तो उत्पादकाची नोंदणी सांगतो, डब्यातल्या शिशाबद्दल काही सांगत नाही. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चा शिक्का खेळाडूंसाठी बंदी असलेल्या द्रव्यांची तपासणी झाल्याचे सांगतो, धातूंसाठी तो पाहू नये. ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’मध्ये धातूही तपासले जातात, पण आपल्याकडे तो थोड्याच डब्यांवर दिसतो.

वर्षभर घेतलेल्या पावडरीचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. रक्ताच्या तपासणीसाठी जाल तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन आणि शिरेतल्या रक्तातले शिसे, एवढे करून घ्या. मोठ्या लॅबमध्ये ही तपासणी होते. डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले तर त्या बाजूने निश्चिंत व्हा. जास्त आले तर रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या वेळी फक्त पावडर नाही, घरातली सुटी हळद, काजळ आणि भस्म घातलेली औषधे यांचीही चौकशी करायला सांगा, कारण या तिन्हींत कधीकधी शिसे पावडरीपेक्षा कितीतरी जास्त असते. केसांची तपासणी करून ‘डिटॉक्स’चे पाकीट विकणाऱ्यांकडे जाऊ नका. आणि मुख्य म्हणजे लोह भरून काढा, फेरिटिन पाहून डॉक्टर सांगतील तसे. शिशाचे शोषण कमी करायचा तुमच्या हातातला सगळ्यात परिणामकारक उपाय तोच आहे, आणि कॅल्शियम पुरेसे घेणे हा दुसरा.

कंपनीला पुन्हा एक मेल करा. मजकूर असा चालेल :

“माझ्या डब्यावरचा बॅच क्रमांक अमुक आहे. याच बॅचच्या, याच चवीच्या तयार मालाचा शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचा रिपोर्ट हवा आहे. तपासणी आयसीपी-एमएस पद्धतीने, एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये झालेली असावी. शिशाची एलओक्यू ०.०२ मिलिग्रॅम प्रति किलो किंवा त्याहून कमी असावी आणि निकाल आकड्यात लिहिलेला असावा.”

आयसीपी-एमएस ही धातूंचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी पद्धत आहे. ‘तयार मालाचा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण कच्च्या मटार पावडरीचा रिपोर्ट पाठवला तर त्यात कोको आलेला नसतो. रिपोर्ट आला की बॅच क्रमांक डब्याशी जुळवा, मग एकक पाहा. ‘पीपीएम’ म्हणजे मिलिग्रॅम प्रति किलो, ‘पीपीबी’ म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति किलो, आणि या दोहोंत हजाराचा फरक आहे. मिलिग्रॅम प्रति किलोच्या आकड्याला स्कूपच्या ग्रॅमने गुणले की स्कूपमधले मायक्रोग्रॅम मिळतात. समजा शिसे ०.०८ आले. गुणिले ३५, म्हणजे २.८ मायक्रोग्रॅम. बाळाचा विचार नसता आणि हिमोग्लोबिन १३ असते तर आठवड्यातले चार दिवस एकेक स्कूप घ्यायला मी हरकत घेतली नसती. तुम्हाला आत्ता नको म्हणेन. ०.०२ आले तर स्कूपला ०.७ होते. तेवढ्यावर जिमच्या दिवशी एक स्कूप घ्या, बाकीच्या दिवशी सोया चंक्स आणि फुटाणे.

दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, किंवा पुन्हा तोच ‘बीएलक्यू’चा कागद आला, तर पुढचा डबा त्यांच्याकडून घेऊ नका. नवा घेण्यापूर्वी हाच मेल दुसऱ्या कंपनीला पाठवा, पैसे भरायच्या आधी.